सहा गुणांची वजाबाकी: दोन परीक्षांचे गुण एका तराजूत तोलायचे कसे?

चिकोडी : निकालाचे दिवस आले की सीमाभागातल्या घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने निघतो. चिकोडीतली मुलगी कर्नाटक बोर्डाची एसएसएलसी देते, तिचा कागलचा मावसभाऊ महाराष्ट्राची एसएससी. दोघांचे निकाल काही दिवसांच्या अंतराने लागतात आणि फोनवर पहिला प्रश्न येतो, "किती पडले?" हिला 625 पैकी 562, म्हणजे 89.92 टक्के. त्याला 500 पैकी 452, म्हणजे 90.40 टक्के. झाला निकाल, भाऊ पुढे. पेढे दोन्हीकडे वाटले जातात, पण पोरगीच्या मनात अर्धा टक्का सलत राहतो.

खरे तर हे दोन आकडे शेजारी ठेवण्याच्या लायकीचेच नाहीत. एसएसएलसीत प्रथम भाषेला 125 गुण आणि बाकीच्या पाच विषयांना शंभर-शंभर, म्हणून एकूण 625. सगळे विषय धरले जातात. महाराष्ट्रात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. सहापैकी सगळ्यात कमी गुणांचा विषय बाजूला काढून टक्केवारी निघते. समजा त्या मावसभावाला सहाव्या विषयात 71 पडले होते. ते धरले तर तो 600 पैकी 523, म्हणजे 87.17 टक्क्यांवर येतो. उलट मुलीचा 80 गुणांचा सगळ्यात कच्चा विषय सोडून दिला तर तिचे 525 पैकी 482, म्हणजे 91.81 टक्के होतात. उत्तरपत्रिका त्याच, गुण तेच, फक्त हिशेबाची रीत बदलली आणि पुढचा मागे गेला.

रीत सारखी करून घेतली तरी पेपर वेगळे, तपासणारे वेगळे आणि सोबत बसलेली मुलेही वेगळी. 2024 मध्ये महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल 95.81 टक्के लागला, कर्नाटकचा 73.40 टक्के. त्या वर्षी कर्नाटकात परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंगचे कॅमेरे बसले होते. निकाल एवढा खाली आला की वाढीव ग्रेस गुण देऊन तो वर उचलावा लागला. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, ती सवलत नव्हती आणि निकाल 62.34 टक्क्यांवर उतरला. म्हणजे एकाच बोर्डाच्या लागोपाठच्या दोन वर्षांतले 90 टक्केसुद्धा एका वजनाचे असतील याची खात्री नाही, मग दोन राज्यांचे कुठून असणार?

वादावादी कोर्टात गेली तेव्हा

हा प्रश्न घरातल्या पेढ्यांपुरता असता तर सोडून देता आला असता. पण 2022 साली तो बेंगळुरूच्या उच्च न्यायालयात पोहोचला आणि हजारो मुलांचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्याच्यावर अडला. चिकोडी, निपाणी, संकेश्वरच्या पीयूसी कॉलेजांतल्या मुलांनाही तोच नियम लागू होता, त्यामुळे ते प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे.

2021 मध्ये कोविडमुळे कर्नाटकात पीयूसी दुसऱ्या वर्षाची परीक्षा झालीच नाही. गुण मात्र द्यावे लागले. त्यासाठी एसएसएलसीचे 45 टक्के, पीयूसी पहिल्या वर्षाचे 45 टक्के आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 10 टक्के असे सूत्र ठरले. निकाल लागला तेव्हा सुमारे 6.66 लाख मुले सगळीच्या सगळी पास झाली आणि त्यांतल्या 2,239 जणांना 600 पैकी 600 मिळाले. त्या वर्षी सीईटीची रँक लावताना पीयूसीचे गुण धरलेच नाहीत, फक्त सीईटीवर रँक दिली. त्यामुळे तेव्हा भांडण झाले नाही.

2022 मध्ये परीक्षा रीतसर झाली. पीयूसीचा निकाल 61.88 टक्के लागला आणि सीईटीची जुनी पद्धत परत आली, म्हणजे निम्मे वजन पीयूसीच्या भौतिक, रसायन, गणिताला आणि निम्मे सीईटीला. पण त्या वर्षी सीईटीला 2021 च्या तुकडीतली सुमारे 24 हजार मुलेही पुन्हा बसली होती. त्यांना रिपीटर म्हटले गेले. यांच्या पीयूसीच्या गुणांचे काय करायचे? कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने, म्हणजे केईएने, ते धरलेच नाहीत. परीक्षा न देता मिळालेले गुण परीक्षा देऊन मिळवलेल्या गुणांच्या बरोबरीने कसे धरायचे, असा त्यांचा पवित्रा होता. रिपीटर मुले कोर्टात गेली. आम्ही परीक्षा नाकारली नव्हती, सरकारने रद्द केली, मग आमच्या गुणपत्रिकेला किंमत नाही का, असा त्यांचा सवाल होता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एकल न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पीयूसीचे गुण धरून रँक नव्याने लावायला सांगितले. आता नियमित मुले हादरली. घाम गाळून पेपर दिले आम्ही, आणि वर जाणार ते, ही त्यांची तक्रार. सरकार अपिलात गेले. शेवटी महिनाअखेरीस खंडपीठाने सरकारने पुढे ठेवलेला तोडगा मान्य केला. रिपीटर मुलांचे पीयूसीचे गुण धरायचे, पण शंभरामागे सरासरी 6 गुण वजा करून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुधारित रँक लागली.

सहा गुण म्हणजे किती, हे आधी पाहू. पीयूसीला निम्मे वजन असल्यामुळे शंभरातले 6 गुण गुणवत्ता यादीत 3 गुण होतात. तेच 3 गुण सीईटीतून भरून काढायचे तर सीईटीत 6 टक्के जास्त लागतात. भौतिक, रसायन, गणित मिळून 180 प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, म्हणजे जवळपास 11 प्रश्न जास्त बरोबर यायला हवेत. सीईटी दिलेल्या कुणालाही विचारा, अकरा प्रश्न म्हणजे किती रँक ते. यादीच्या मधल्या भागात, जिथे मुले खच्चून भरलेली असतात, तिथे एवढ्याने नाव पार कुठल्या कुठे जाते.

वजाबाकी कधी बरोबर, कधी चूक

बी.कॉम.ला सांख्यिकीचा पेपर दिलेल्यांना आठवत असेल, कुठल्याही आकड्यांच्या ढिगाऱ्याच्या दोन गोष्टी पाहायच्या असतात. एक सरासरी, म्हणजे ढिगारा कुठे आहे. दुसरे प्रमाण विचलन, म्हणजे ढिगारा किती पसरला आहे. सगळी मुले 60 ते 70 च्या मध्ये दाटीने बसली असतील तर विचलन कमी. कुणी 20 वर, कुणी 95 वर असे विखुरले असतील तर जास्त.

झेड स्कोअर म्हणतात तो या दोन्हींचा मिळून एक साधा भागाकार आहे. मुलाच्या गुणांतून सरासरी वजा करायची आणि जे उरेल त्याला प्रमाण विचलनाने भागायचे. उत्तर 1.5 आले तर मूल सरासरीपेक्षा दीड विचलन वर आहे. उणे आले तर सरासरीच्या खाली. या उत्तराला टक्के नाहीत, गुण नाहीत, 625 नाही, 500 नाही. म्हणूनच दोन वेगळ्या परीक्षांचे झेड शेजारी ठेवता येतात.

आता 2022 च्या तोडग्याकडे परत येऊ. पुढचे आकडे बोर्डाचे नव्हेत, हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत. समजा 2021 च्या गणिताची सरासरी 72 होती आणि प्रमाण विचलन 12. समजा 2022 ची सरासरी 66 आणि विचलन 18. सरासरीतला फरक बरोबर 6. परीक्षा न होता, मागच्या गुणांची गोळाबेरीज करून दिलेले गुण दाटीने बसलेले असणे साहजिक आहे, कारण दोन-तीन ठिकाणचे गुण एकत्र केले की एका ठिकाणची पडझड दुसरे ठिकाण सावरून घेते. म्हणून पहिले विचलन लहान धरले आहे.

2021 च्या तीन मुलांना घेऊ. एकाला 72, एकाला 90, एकाला 54.

72 वाल्याचा झेड शून्य. 2022 च्या मापात त्याची जागा सरासरीवर, म्हणजे 66 वर. सहा वजा केले तरी 66 च येतात. त्याच्यावर अन्याय नाही, मेहेरबानीही नाही.

90 वाल्याचा झेड, 18 भागिले 12, म्हणजे 1.5. 2022 च्या मापात तो सरासरीपेक्षा दीड विचलन वर हवा, म्हणजे 66 अधिक 27, एकूण 93. वजाबाकीने त्याच्या हातात पडले 84. हुशार मुलाचे नऊ गुण गेले.

54 वाल्याचा झेड उणे 1.5. 2022 च्या मापात तो 66 वजा 27, म्हणजे 39 वर असायला हवा होता. वजाबाकीने त्याला 48 दिले. त्याला नऊ गुणांची बक्षिसी.

म्हणजे सरसकट वजाबाकी एकाच परिस्थितीत चोख बसते, दोन्ही वर्षांचा पसारा सारखा असेल तेव्हा. दोन्हीकडे विचलन 12 असते तर झेडचे उत्तर आणि सहा वजा केल्याचे उत्तर तिन्ही मुलांसाठी एकच आले असते. पसारा वेगळा असेल तर मधल्या मुलाला फरक पडत नाही, पण दोन्ही टोकांच्या मुलांना उलट-सुलट पडतो. आणि पसारा उलट दिशेने वेगळा असेल, म्हणजे 2021 चेच गुण जास्त विखुरलेले असतील, तर बक्षिसी वरच्याला मिळते आणि फटका खालच्याला. कुठले खरे होते ते ठरवायला दोन्ही वर्षांचे प्रमाण विचलन समोर हवे. निकालाच्या दिवशीच्या पत्रकात मात्र पास किती, नापास किती, पहिला कोण, कुठला जिल्हा कितवा, एवढेच असते. सरासरी आणि विचलन पत्रकात छापायला दोन ओळी लागतात. त्या दोन ओळी असत्या तर चिकोडीतल्या कुठल्याही कॉलेजच्या सांख्यिकीच्या सरांनी तोडगा पंधरा मिनिटांत तपासून दाखवला असता.

तोडग्याची बाजूही सांगायला हवी. सप्टेंबर संपत आला होता, प्रवेश खोळंबले होते, आणि 'सगळ्यांचे सहा वजा' हे कोर्टाला, पालकांना, मुलांना एका वाक्यात कळते. झेड स्कोअर कळायला निदान एक तास लागतो. पण सोपे असणे आणि समान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झेडचीही दुखणी आहेत

मग झेड लावला असता की सगळे मिटले असते? तसेही नाही. त्याच मानलेल्या आकड्यांत 100 पैकी 100 मिळालेल्या मुलीला घ्या. 28 भागिले 12, झेड 2.33. 2022 च्या मापात 66 अधिक 42, म्हणजे 108. शंभरात एकशे आठ! गणित चुकले नाही, पण उत्तर वेड्यासारखे आले. कारण वर छत आहे. शंभराच्या पुढे कुणी जाऊ शकत नाही, म्हणून भरपूर मुले छताला टेकली की ढिगाऱ्याचा आकार एका बाजूला कलतो. झेड मात्र असे धरून चालतो की दोन्ही ढिगाऱ्यांचा आकार सारखा आहे, फक्त जागा आणि पसारा वेगळा. 2,239 मुले 600 वर बसलेल्या निकालात हे गृहीत टिकत नाही. तपासायची खूण सोपी आहे: रूपांतर केलेले गुण कमाल गुणांच्या वर किंवा शून्याच्या खाली जायला लागले की समजायचे, इथे झेड चालणार नाही.

दुसरे दुखणे ग्रेस गुणांचे. पाच मुलांचा एक वर्ग धरा. गुण 20, 50, 60, 70 आणि 90. सरासरी 58, प्रमाण विचलन सुमारे 23.15. पहिल्या नंबरच्या मुलीचा झेड, 32 भागिले 23.15, म्हणजे 1.38. आता शेवटच्या मुलाला 15 ग्रेस देऊन 35 वर आणले. बाकी कुणाला काही नाही. सरासरी झाली 61, विचलन उतरून सुमारे 18.55, आणि 90 वालीचा झेड झाला 29 भागिले 18.55, म्हणजे 1.56. तिने एक ओळ जास्त लिहिली नाही, एक गुण जास्त मिळवला नाही, तरी तिचा झेड वाढला, कारण खाली कुणाला तरी पास केले. 2024 ला कर्नाटकात जसे मोठ्या प्रमाणावर ग्रेस दिले गेले, तशा वर्षाचा झेड दुसऱ्या वर्षाशी लावायचा असेल तर ग्रेस आधीचे गुण घ्यावे लागतील.

इथे पर्सेंटाइल कामाला येतो. पर्सेंटाइल विचारतो एवढेच, की शंभरातली किती मुले तुझ्या बरोबरीला किंवा तुझ्या मागे आहेत. वरच्या वर्गात 90 वालीच्या मागे ग्रेसच्या आधीही चार जण होते, ग्रेसनंतरही चारच. खालच्याला वर ओढल्याने तिची जागा हलली नाही. छताचा त्रासही असा होत नाही, 108 वगैरे येतच नाही. 2021 च्या रिपीटरचा पर्सेंटाइल काढायचा, 2022 च्या यादीत त्याच पर्सेंटाइलवर जो आकडा आहे तो त्याला द्यायचा, की झाले रूपांतर. दोन ढिगाऱ्यांचे आकार कसेही असोत. यासाठी सरासरी आणि विचलन पुरत नाही, सगळ्या मुलांच्या गुणांची पूर्ण यादी लागते. पण ती बोर्डाकडे असतेच.

अडचण येते ती बरोबरीत. 6.66 लाखांत 2,239 जण 600 वर, म्हणजे सुमारे 0.34 टक्के. 'माझ्याइतके किंवा कमी' असे मोजले तर या सगळ्यांचा पर्सेंटाइल 100. 'माझ्यापेक्षा कमी' एवढेच मोजले तर सगळ्यांचा 99.66. बरोबरीवाल्यांचे निम्मे धरायची तिसरी रीत लावली तर 99.83. तिन्ही रीती पुस्तकात सापडतात. कुठली लावली ते न सांगता पर्सेंटाइल सांगणे म्हणजे लिटर की किलो ते न सांगता दुधाचा भाव सांगण्यासारखे आहे. आणि कुठलीही रीत लावा, त्या 2,239 जणांत पहिला कोण हे पर्सेंटाइल सांगू शकत नाही. जे परीक्षेनेच वेगळे केले नाही ते सूत्र कुठून वेगळे करणार?

घाटाखाली वेगळा हिशेब

कोगनोळीचा नाका ओलांडला की पर्सेंटाइल रोजच्या बोलण्यात आहे. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर, अनेक सत्रांत होते. सकाळचा पेपर वेगळा, दुपारचा वेगळा, दुसऱ्या दिवशीचा आणखी वेगळा. म्हणून तिथे मूळ गुणांवर गुणवत्ता यादी लावत नाहीत. प्रत्येक सत्राचा पर्सेंटाइल वेगळा काढतात. त्या सत्रात तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण असलेली मुले किती, भागिले त्या सत्राला बसलेली एकूण मुले, गुणिले 100. दशांश चिन्हापुढे सात आकडे. कुठल्या सत्राचा पेपर अवघड गेला तरी त्या सत्रातला पहिला 100 वरच असतो.

ही रीत एका गोष्टीवर उभी आहे: कुठल्या मुलाला कुठले सत्र मिळेल हे सोडतीसारखे असावे, म्हणजे प्रत्येक सत्रात हुशार आणि मध्यम मुले साधारण त्याच प्रमाणात असतील. हजारो मुले असतील तर हे बऱ्यापैकी जमते. 2022 च्या वादात नेमके हेच जमत नव्हते. पुन्हा सीईटीला बसलेली 24 हजार मुले ही 2021 च्या तुकडीतून कुणी सोडतीने उचललेली नव्हती. ती स्वतःहून पुन्हा बसली होती, एक वर्ष जास्त अभ्यास करून. त्यांना कुणाच्या सरासरीशी तोलायचे, सगळ्या 6.66 लाखांच्या, फक्त विज्ञानवाल्यांच्या, की फक्त रिपीटरांच्या? सूत्र कुठलेही घ्या, गट बदलला की उत्तर बदलते. वादात हा मुद्दा 'सहा की पाच की सात' या घोळात मागे पडला.

या भागातल्या कितीतरी मुलांना आज दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पीयूसी चिकोडी-निपाणीत करायची, केसीईटीला बसायचे आणि सोबत एमएचटी-सीईटीचाही अर्ज भरायचा. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेश नियमांत वेगळा उमेदवारी प्रकार आहे, त्याचा आधार घेतला जातो. जून-जुलैत अशा मुलाच्या हातात दोन कागद येतात. एकावर रँक, समजा 12,000. दुसऱ्यावर पर्सेंटाइल, समजा 92. आणि घरात चर्चा सुरू होते, कुठल्यात चांगले केले?

रँकचा पर्सेंटाइल करणे सोपे वाटते. यादीत दोन लाख मुले असतील तर 12,000 च्या मागे 1,88,000, म्हणजे 94. मग केसीईटीत 94 आणि एमएचटी-सीईटीत 92, म्हणजे कर्नाटकात जास्त चांगले केले? असा निष्कर्ष काढणाऱ्याने दोन गोष्टी विसरल्या. केसीईटीची रँक निम्मी पीयूसीच्या गुणांवर उभी आहे, एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल निव्वळ त्या एका पेपरवर. महाराष्ट्रात बारावीचे गुण इंजिनिअरिंगला पात्रतेपुरते लागतात. पीयूसीत चांगले गुण आणि सीईटीत बेताचे, अशा मुलाची केसीईटी रँक त्याला वर दाखवणारच. शिवाय रँकच्या यादीत फक्त पात्र ठरलेली मुले असतात, पर्सेंटाइल काढताना सत्राला बसलेली सगळी धरली जातात. भागाकाराचा खालचा आकडाच वेगळा.

पर्सेंटाइलच्या बाबतीत पालकांची आणखी एक फसगत होते. 50 वरून 50.5 वर जाणे आणि 99 वरून 99.5 वर जाणे हे दिसायला सारखेच, अर्धा-अर्धा. पण गुण घंटेच्या आकारात पसरले आहेत असे धरून झेडमध्ये मोजले तर पहिली उडी जेमतेम 0.01 ची आहे आणि दुसरी 2.33 वरून 2.58 ची, म्हणजे 0.25 ची. वीसपट मोठी. मधे मुले दाटलेली असतात, एक-दोन प्रश्न जास्त बरोबर आले की हजारोंना मागे टाकता येते. वर मुले विरळ असतात, तिथे अर्ध्या पर्सेंटाइलसाठी कितीतरी प्रश्न जास्त सोडवावे लागतात. म्हणून क्लासवाले 'आमच्या मुलाचा पर्सेंटाइल पाचने वाढला' असे सांगतात तेव्हा कुठून कुठे, ते विचारायला हवे. 45 वरून 50 आणि 94 वरून 99 हे एका जाहिरातीत बसले तरी एका मोलाचे नाहीत. याच कारणाने भौतिक, रसायन, गणिताचे पर्सेंटाइल घरच्या घरी बेरीज करून तीनने भागणेही चुकीचे. झेडची सरासरी काढता येते, पर्सेंटाइलची काढली की मधल्या आणि वरच्या उड्या एका मापात मोजल्या जातात.

राहिली चिकोडीची मुलगी आणि कागलचा मावसभाऊ. त्यांची तुलना करायची झाली तर 89.92 आणि 90.40 बाजूला ठेवून दोन्ही बोर्डांकडे एकच प्रश्न विचारावा लागेल: तुमच्याकडे यंदा बसलेल्या मुलांपैकी किती जण या गुणांच्या खाली आहेत? तेही दोन्हीकडे सगळे विषय धरून किंवा दोन्हीकडे एक सोडून. तेवढी यादी हाती आली तरी ती मुलगी कर्नाटकातल्या मुलांत कितवी आणि तो महाराष्ट्रातल्या मुलांत कितवा, एवढेच कळेल. दोघांनी एकच पेपर दिला असता तर कोण पुढे, ते कळणार नाही, कारण दोन्ही राज्यांतली मुले सरासरीने सारखीच तयार आहेत का, हे दोन्ही बोर्डांच्या कुठल्याच कागदात नसते.

दोन सीईटी दिलेल्या मुलापुढचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण त्याला दोन कागद एकमेकांशी ताडायचे नसतात. केसीईटीची 12,000 ही रँक बेळगाव-हुबळीच्या कॉलेजांत गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत आपल्या प्रवर्गाची शाखावार रँक कुठे थांबली होती त्याच्या शेजारी ठेवायची. 92 पर्सेंटाइल कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजांच्या गेल्या वर्षीच्या कटऑफच्या शेजारी, तोही आपल्या उमेदवारी प्रकाराचा. रँक रँकशी, पर्सेंटाइल पर्सेंटाइलशी. दोन्हीकडचे कटऑफ केईए आणि महाराष्ट्राचा सीईटी सेल आपापल्या संकेतस्थळांवर दरवर्षी टाकतात, आणि पर्याय भरण्याची मुदत संपण्याआधी एक संध्याकाळ बसून ते पाहता येतात.